कर्जाचा बोर्ड ठराव दोनदा का करावा लागला

मी एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघतो. तीन संचालक आहेत, तिघं सख्खी भावंडं, आम्ही सगळे त्यांना मोठे सर, धाकटे सर आणि ताई म्हणतो. ताई परदेशात असतात, वर्षातून एक-दोनदा येतात. आमच्याकडे पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नाहीत, आमच्या आकाराच्या कंपनीला ते बंधनकारकही नाही, त्यामुळे बोर्डाची कागदपत्रं आधी मी बनवतो आणि मग बाहेरच्या प्रॅक्टिस करणाऱ्या सीएस मॅडम तपासून देतात. मागच्या वर्षी नवीन मशीनसाठी बँकेकडून कर्ज घेतलं, त्या एका कर्जाच्या ठरावाने मला जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

सुरुवात अशी झाली की बँकेतल्या माणसाचा फोन आला, कर्ज जवळजवळ मंजूर आहे, बोर्ड रिझोल्यूशन तयार ठेवा म्हणजे कागदपत्रं पटकन होतील, आणि त्यांनी त्यांचा छापील नमुना पाठवला. नमुन्यात रिकाम्या जागा होत्या त्या मी भरल्या. टर्म लोन १ कोटी २० लाख, कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागतील तसे काढायचे पैसे, ५५ लाख, एकूण १ कोटी ७५ लाख. १० जूनला रीतसर बोर्ड मीटिंग होतीच, नोटीस गेलेली होती, मोठे सर आणि धाकटे सर ऑफिसात होते, तीन संचालक असले की दोघांचा कोरम पुरतो, ताईंनी येऊ शकत नसल्याचा मेल केला होता. मी ठराव मीटिंगमध्ये ठेवला, पास झाला, प्रत बँकेला गेली. मला वाटलं काम संपलं.

१३ जूनला सँक्शन लेटर, म्हणजे बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, हातात आलं आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या निघाल्या. कॅश क्रेडिट ५५ चं ४० लाख झालं होतं, म्हणजे एकूण १ कोटी ६० लाख. नवीन मशीनबरोबर आधीची मशीनं पण तारण मागितली होती. आणि तिन्ही संचालकांची वैयक्तिक हमी लागणार होती, माझ्या ठरावात फक्त दोघांची होती. आता रक्कम कमी झाली याचा फार त्रास नव्हता, पण ठरावात मी 'रुपये १,७५,००,००० इतके कर्ज' असं आकडा ठोकून लिहिलं होतं, 'पेक्षा जास्त नाही' असे शब्द असते तर १ कोटी ६० त्याच्या आत बसलं असतं. तारण आणि हमीचं मात्र तसं नव्हतं, त्या गोष्टी बोर्डासमोर आल्याच नव्हत्या. जुन्या मशीनवर बोजा टाकायला आमच्या बोर्डाने होकार दिला, असं कुठल्याही कागदावर नव्हतं.

बँकेच्या लीगल विभागाने ठराव परत पाठवला आणि एक वाक्य लिहिलं की ठरावात सँक्शन लेटरचा क्रमांक आणि तारीख हवी आणि अटी स्वीकारल्याचा उल्लेख हवा. आता १० जूनच्या मीटिंगमध्ये १३ जूनचं पत्र स्वीकारणार कसं? मी बँकेतल्या माणसाला हेच विचारलं तर ते म्हणाले, "तारीख १४ टाका आणि नवीन प्रिंट काढून सह्या करून द्या, एवढंच आहे." मी प्रिंट काढली पण होती. सह्यांना देण्याआधी मॅडमना फोन केला एवढं बरं केलं.

मॅडम म्हणाल्या, "१४ तारखेला मीटिंग झाली होती का?"

म्हटलं, नाही.

"मग १४ तारखेचा ठरावच नाहीये. मोठे सर १४ ला कुठे होते?"

मोठे सर १४ ला प्रवासात होते, सकाळी निघून रात्री उशिरा परतणार होते, तिकिटं माझ्याच फाइलमध्ये होती. मॅडमनी मला समजावलं की इतिवृत्त म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत काय झालं याची नोंद असते, आणि उद्या कंपनीत वाद झाला, कर्ज थकलं, किंवा भावंडांत काही बिनसलं, तर सगळ्यात आधी हेच पान उघडलं जातं. तिथे बसलेल्या माणसाचं तिकीट दुसऱ्या गावचं निघालं तर तो ठराव तर पडतोच, पण त्याच्या जोरावर केलेली हमी, तारण, सगळ्यावर प्रश्न उभा राहतो. हे ऐकल्यावर मी ती प्रिंट फाडली.

मग मी विचारलं, सर्क्युलेशनने करूया का, म्हणजे ठराव मेलवर तिघांना पाठवायचा आणि तिघांनी मंजूर असं कळवायचं, आम्ही इतर काही ठराव तसे केले होते. तर ते कर्जाला चालत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७९ च्या पोटकलम ३ मध्ये जी कामं दिली आहेत ती बोर्डाने मीटिंगमध्येच करायची असतात, आणि पैसे उसने घेणं हे त्यात आहे. बोर्ड हा अधिकार आधीच ठराव करून समितीला किंवा मॅनेजिंग डायरेक्टरला देऊ शकतं, आमच्याकडे तसं काही दिलेलं नव्हतं. म्हणजे पुन्हा मीटिंग हाच रस्ता. एक गोष्ट मात्र इथेच सांगतो कारण मला तिची भीती वाटत होती, कॅश क्रेडिटमधून रोज पैसे काढायचे म्हणजे दरवेळी मीटिंग का? नाही. त्याच कलमात स्पष्टीकरण आहे की बँकेशी उचलीची जी व्यवस्था ठरवली जाते तिला बोर्डाची मंजुरी लागते, त्यानंतरच्या रोजच्या व्यवहाराला नाही.

मीटिंगची नोटीस किमान सात दिवसांची लागते. मी १४ जूनला संध्याकाळी मेल पाठवला. मॅडमनी सांगितलं की नोटीस पाठवलेला दिवस आणि मीटिंगचा दिवस दोन्ही सोडून सात दिवस मोजायचे, म्हणून २२ जून ठरली. बँकवाले घाई करत होते, कमी मुदतीच्या नोटिशीवरही मीटिंग घेता येते पण त्याच्या वेगळ्या अटी आहेत, आणि आधीच एकदा घोळ झालेला असताना मला कुठलाच आडमार्ग नको होता. ताईंनी व्हिडिओवर यायचं मान्य केलं.

आता दुसरा ठराव लिहायला बसलो तेव्हा बँकेचा नमुना बाजूला ठेवला आणि सँक्शन लेटर समोर ठेवलं. त्याच्या प्रत्येक कलमासमोर पेन्सिलने लिहिलं की याला बोर्डाचा होकार ठरावात कुठल्या ओळीत आहे. ज्याच्यासमोर ओळ नाही ते राहिलं. ही पद्धत मला मॅडमनी दिली आणि मी आता दरवेळी हेच करतो. मूळ ठराव इंग्रजीत होता, बँकेला तसाच लागतो, पण त्याचा आशय मराठीत साधारण असा होता:

'ठरविण्यात येते की, बँकेच्या दिनांक १३ जूनच्या सँक्शन लेटरमधील अटींवर, जे पत्र सभेपुढे ठेवण्यात आले व अध्यक्षांनी ओळखखूण म्हणून त्यावर आद्याक्षरे केली, कंपनीने एकूण रुपये १,६०,००,००० अक्षरी रुपये एक कोटी साठ लाख यापेक्षा जास्त नाही इतके कर्ज घ्यावे, त्यात यंत्रसामग्रीसाठी रुपये १,२०,००,००० पर्यंत मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी रुपये ४०,००,००० पर्यंत कॅश क्रेडिट. आणि त्याच्या तारणादाखल कंपनीची नवीन व सध्याची यंत्रसामग्री तसेच चालू मालमत्ता बँकेकडे हायपोथिकेट करावी.'

यातली 'सभेपुढे ठेवण्यात आले व आद्याक्षरे केली' ही ओळ मला आधी उगाच वाटली होती. पण सँक्शन लेटर एकदा आलं म्हणजे तेच शेवटचं असं नसतं, नंतर सुधारित पत्र येतं, व्याजदराची ओळ बदलते, आणि बोर्डाने नेमका कुठला कागद वाचून होकार दिला हे सांगायला ती खूण लागते. आमच्या फाइलमध्ये त्या पत्राच्या प्रत्येक पानावर मोठ्या सरांची आद्याक्षरं आहेत.

बँकेच्या नमुन्यातल्या दोन गोष्टी मी काढल्या. एक, त्यात लिहिलं होतं की कर्जाच्या मर्यादेबद्दलच्या कलम १८० खाली भागधारकांचा विशेष ठराव झाला आहे. झाला नव्हता, आणि लागतही नव्हता, कारण ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने प्रायव्हेट कंपन्यांना कलम १८० मधून सूट आहे, आणि नंतर त्याला अट लागली की कंपनीने वार्षिक हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र वेळेत भरलेलं असावं. आमची दोन्ही भरलेली होती. तरी मॅडमनी आमचे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, काढून तपासायला लावले, कारण कायद्यात मर्यादा नसली तरी कंपनीच्या स्वतःच्या आर्टिकल्समध्ये असू शकते, जुन्या कंपन्यांत बरेचदा असते. आमच्यात नव्हती. मग मॅडमनी बँकेला अर्ध्या पानाचं पत्र दिलं आणि तो मुद्दा तिथेच संपला. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीच्या शिक्क्याची, कॉमन सीलची, ओळ. सील ठेवणं २०१५ पासून ऐच्छिक आहे, आमच्याकडे नाहीच, मग 'सील लावून' असं कशाला लिहायचं. जे नाही ते लावलं असं लिहिणं म्हणजे पुन्हा तारीख बदलण्यासारखंच झालं.

सह्यांच्या अधिकाराचा भाग मी सगळ्यात जास्त वेळा लिहिला, आणि माझ्या मते ठरावातला सगळ्यात जोखमीचा भाग हाच आहे, कर्जाची रक्कम कोणीही तपासतो पण 'कोणाला काय सही करता येईल' याकडे लोक छापील मजकूर म्हणून बघतात. माझ्या पहिल्या ठरावात होतं, 'कंपनीचे संचालक आणि/किंवा अधिकृत व्यक्ती यांना सर्व आवश्यक कागदपत्रांवर सह्या करण्याचा अधिकार देण्यात येतो'. आता हे वाचून बँकेने काय समजायचं? कुठले संचालक, एकटे की दोघे मिळून, अधिकृत व्यक्ती म्हणजे कोण? उद्या मी अकाउंटंट म्हणून जाऊन कर्जाची मर्यादा वाढवायच्या पत्रावर सही केली तर ती चालेल का? त्या वाक्यानुसार कदाचित चालली असती, आणि ही गोष्ट माझ्याच अंगावर आली असती.

मॅडम म्हणाल्या, एक अधिकार नाही, चार वेगळे अधिकार आहेत, वेगळे लिही. मग असं केलं. कर्जाचे करार, हायपोथिकेशनचं डीड, प्रॉमिसरी नोट, या कागदांवर तिघांपैकी कोणतेही दोन संचालक एकत्रितपणे सही करतील. कर्जखात्याचे चेक आणि पैसे पाठवण्याचे आदेश रुपये ५ लाखांपर्यंत मोठे सर किंवा धाकटे सर स्वतंत्रपणे, त्याच्या वर दोघं एकत्र. स्टॉक स्टेटमेंट, दर महिन्याला द्यायची येणे-देण्याची यादी आणि बँकेशी रोजचा पत्रव्यवहार, यावर मी, आणि पुढे साफ लिहिलं की या व्यक्तीला कर्ज उचलण्याचा, अटी बदलण्याचा किंवा स्वीकारण्याचा, तारण देण्याचा अधिकार नसेल. आणि चौथा, कंपनी रजिस्ट्रारकडे बोजा नोंदवायच्या फॉर्मवर धाकटे सर डिजिटल सही करतील.

पहिल्या कागदांसाठी मी आधी 'तिन्ही संचालक एकत्रितपणे' लिहिलं होतं, मला वाटलं तिघं हमी देतात तर तिघांच्या सह्या असाव्यात, जास्त सुरक्षित. पण ताई परदेशात. करारावर बँकेच्या शाखेत समोरासमोर सही करायची असते, म्हणजे ताई येईपर्यंत कर्ज मिळणारच नाही, आणि पुढे एखाद्या छोट्या पुरवणी कागदासाठीही तेच. शिवाय एक सही कमी राहिली की ती सही कंपनीची ठरत नाही, दोन झाल्या म्हणून दोन तृतीयांश बांधील असं काही नसतं. 'कोणतेही दोन' केल्यावर अडचण सुटली, आणि नावं तिघांची लिहिलेली असल्यामुळे 'कोणतेही' म्हणजे नेमके कोणातले हा प्रश्न उरला नाही. ताईंच्या हमीचा कागद वेगळा होता, ती त्यांची वैयक्तिक सही, कंपनीच्या ठरावाने ती कोणी दुसरं देऊ शकत नाही, त्याची व्यवस्था बँकेने त्यांच्याशी वेगळी केली. हे दोन प्रकार, कंपनीच्या वतीने सही आणि स्वतःच्या नावाने हमी, माझ्या डोक्यात इतके दिवस एकच होते.

नावांवरून पण अडलो. ताईंचं पॅन लग्नानंतरच्या आडनावाने आहे आणि संचालक म्हणून जो डिन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, आहे त्याच्या नोंदीत माहेरचं आडनाव. मी पॅनवरचं लिहिलं. बँकेने कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचे संचालक बघितले तर तिथे या नावाचं कोणी नाही! ठरावात मग दोन्ही नावं, डिन आणि पॅन लिहिलं, विवाहाचा दाखला जोडला, आणि डिनमधलं नाव बदलायचा डीआयआर-६ फॉर्म मॅडमनी नंतर भरला. तेव्हापासून सही करणाऱ्या प्रत्येकाचं नाव मी आधी साइटवर बघतो, मग पॅनवर, आणि दोन्ही जुळलं की मगच टाइप करतो.

नमुना सह्यांच्या तक्त्यात समोर 'सही प्रमाणित' असा रकाना असतो. मोठ्या सरांनी तिघांच्या सह्या प्रमाणित केल्या, त्यात स्वतःची पण. बँकेने ही चूक बरोबर पकडली, स्वतःची सही स्वतः प्रमाणित करून काय उपयोग, ती धाकट्या सरांकडून करून घेतली.

आता ज्या चुकीची आठवण झाली की अजून पोटात कसंतरी होतं ती सांगतो. १० जूनचा ठराव बदलायचा होता म्हणून मी शेवटी ओळ टाकली, 'या विषयावरील व बँक व्यवहारांबाबतचे यापूर्वीचे सर्व ठराव रद्द समजावेत.' ऐकायला व्यवस्थित वाटतं. मॅडम तपासताना तिथे थांबल्या आणि विचारलं, "पगार कुठल्या बँकेतून जातात?" पगार दुसऱ्या बँकेतून जातात, तिथे धाकटे सर आणि मी मिळून सही करतो, आणि तो अधिकार तीन वर्षांपूर्वीच्या एका बोर्ड ठरावावर उभा आहे. माझ्या त्या एका ओळीने तो अधिकारच गेला असता. बँकेला कळेपर्यंत पगार गेलेही असते कदाचित, पण पुढे कोणी म्हटलं असतं की या सह्यांना आधार काय, तर आधार मीच काढून टाकलेला. ओळ बदलून अशी केली: 'दिनांक १० जूनच्या सभेतील या बँकेच्या कर्जाबाबतचा ठराव या ठरावाने अधिक्रमित होतो, अन्य बँकांमधील खात्यांबाबतचे ठराव पूर्वीप्रमाणे लागू राहतील.' १० जूनच्या इतिवृत्ताला मात्र हात लावला नाही, ते त्या दिवशी जे झालं तेच सांगतं, खोडाखोड नाही, पान बदललं नाही.

त्याच्या उलट चूक पण घडते हे मी तेव्हा शोधायला लागल्यावर सापडलं. या कर्जाच्याच बँकेत आमचं एक जुनं चालू खातं होतं, त्यावर नोकरी सोडून गेलेल्या एका मॅनेजरचं नाव अजून अधिकृत म्हणून होतं. कोणी रद्दच केलं नव्हतं. त्याच मीटिंगमध्ये नाव घेऊन तो अधिकार मागे घेतला आणि बँकेला प्रत देऊन पोच घेतली, कारण बोर्डाने काढलं तरी बँकेला कळवेपर्यंत बँक जुन्या सहीवरच चालणार.

२२ जूनची मीटिंग ४० मिनिटं चालली. ताई व्हिडिओवर आल्यावर सुरुवातीला मोठ्या सरांनी हजेरी घेतली, ताईंनी नाव, कुठून बोलताहेत, अजेंडा मिळाला आहे आणि खोलीत दुसरं कोणी नाही हे सांगितलं, ते मी लिहून घेतलं. माझी अपेक्षा होती की पाच मिनिटांत होकार होईल पण ताईंनी प्रश्न विचारले, आणि रास्त विचारले. पहिले सहा महिने फक्त व्याज आहे, त्यानंतर ६० हप्ते, तर सातव्या महिन्यात मशीन पूर्ण चालू असेल का? मशीन पुरवणाऱ्याचं शेवटचं कोटेशन अजून आलेलं नाही, मग आधीच पैसे उचलले तर व्याज कशासाठी भरायचं? धाकट्या सरांनी उत्पादनाचा अंदाज सांगितला. शेवटी ताई म्हणाल्या माझा होकार आहे, पण अंतिम कोटेशन बोर्डाला पाठवल्याशिवाय टर्म लोनचा पहिला हप्ता उचलायचा नाही हे लिहा.

ते ठरावात नव्हतं. मजकूर मी नोटिशीबरोबर पाठवलेला होता, आता बदल करायचा होता. मी तिथल्या तिथे वाक्य लिहिलं, मोठ्या सरांनी मोठ्याने वाचलं, तिघांनी मान्य केलं, आणि मग संपूर्ण ठराव सुधारित रूपात मंजूर झाला. हे असं करणं महत्त्वाचं होतं कारण बँकेला ठरावाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात द्यायची होती आणि इतिवृत्त पुस्तकात चढायला वेळ लागतो. सेक्रेटेरियल स्टँडर्ड १ प्रमाणे ठरावाचा मजकूर सभेपुढे ठेवलेला असेल तर इतिवृत्त नोंदवण्याआधीही त्या ठरावाची प्रमाणित प्रत देता येते. सभेत एक बोललं आणि घरी बसून नंतर शब्द जुळवले तर ती सोय राहत नाही.

इतिवृत्त लिहिताना माझा जुना साचा असा होता, 'चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' कसली चर्चा, काही नाही. यावेळी मी लिहिलं की अध्यक्षांनी सँक्शन लेटरच्या मुख्य अटी सभेपुढे मांडल्या, व्याजदर बदलता आहे हे सांगितलं, संचालकांनी परतफेडीच्या वेळापत्रकाबाबत व उचलीच्या वेळेबाबत विचारणा केली, त्यावर अशी माहिती देण्यात आली, आणि उचलीबाबतची अट घालून ठराव मंजूर झाला. तिघांनी वैयक्तिक हमी देत असल्याचं आणि त्याबद्दल कंपनीकडून कुठलंही कमिशन घेणार नसल्याचं सांगितलं तेही आलं. कोण काय शब्दाला शब्द बोललं ते लिहायचं नसतं, निर्णय का घेतला एवढं कळावं. कथन भूतकाळात आणि तृतीय पुरुषात, ठराव वर्तमानकाळात. आणि सभा ११ वाजता सुरू होऊन ११.४० ला संपली ही वेळ, ताई कुठल्या माध्यमातून हजर होत्या ते, सभेचा अनुक्रमांक, हे सगळं.

मसुदा मी ४ जुलैला तिघांना पाठवला, सभेनंतर १५ दिवसांत पाठवावा लागतो, आणि सात दिवस त्यांना सुधारणा कळवायला असतात. ताईंचा मेल आला की 'अंतिम कोटेशन बोर्डाला कळवल्यावर' असं लिहिलंय ते 'बोर्डाला पाठवल्यावर' हवं, सभेत तसंच वाचलं होतं. मी माझ्या हाताने लिहिलेला कागद काढून बघितला, ताईंचं बरोबर होतं. बँकेला गेलेल्या प्रमाणित प्रतीत 'पाठवल्यावर' होतं आणि माझ्या मसुद्यात 'कळवल्यावर', म्हणजे त्यांनी पकडलं नसतं तर पुस्तकात एक आणि बँकेत दुसरं राहिलं असतं, फोनवर सांगणं म्हणजे कळवणं होतं की नाही यावर पुढे वाद घालता आला असता. आता मी प्रमाणित प्रतीतलाच मजकूर उचलून इतिवृत्तात टाकतो, पुन्हा टाइप करतच नाही.

दरम्यान २७ जूनला मोठे सर आणि धाकटे सर यांनी बँकेत जाऊन करारांवर सह्या केल्या. त्या तारखेपासून ३० दिवसांत बोजा नोंदवायचा सीएचजी-१ फॉर्म भरायचा असतो, उशीर झाला तर जादा फी लागते. ९ जुलैला भरला, धाकट्या सरांची डिजिटल सही, त्या चौथ्या अधिकाराखाली.

इतिवृत्त १७ जुलैला पुस्तकात चढलं, ३० दिवसांच्या आत. मोठ्या सरांनी प्रत्येक पानावर आद्याक्षरं केली आणि शेवटच्या पानावर सही, तारीख आणि ठिकाण. ते पुस्तक मिटत होते तेव्हा मी थांबवलं आणि आधीची पानं उघडली, १० जूनची. तिथे १ कोटी ७५ लाखांचा ठराव होता तसा आहे, आणि सहा पानांनी पुढे २२ जूनचा, त्याची जागा घेणारा. ऑगस्टमध्ये मशीनवाल्याचं अंतिम कोटेशन आलं, मी ते तिन्ही संचालकांना मेल केलं, ताईंचं 'मिळालं, ठीक आहे' असं उत्तर आलं, ते छापून त्याच फाइलला लावलं आणि मग बँकेला पहिल्या उचलीचं पत्र गेलं.